माल मार्चमध्ये गेला, बिल एप्रिलचं, पैसे मेमध्ये: कर कोणत्या महिन्यात?

दर महिन्याच्या 14 तारखेनंतर अंबड आणि सातपूरच्या छोट्या कारखान्यांमधून मला एकाच प्रकारचे फोन येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं बिल आमच्या टूबीत दिसत नाही." टूबी म्हणजे जीएसटी पोर्टलवरची यादी, जिच्यावरून खरेदीदाराला खरेदीवरच्या कराची जमा मिळते. मालक म्हणतात, "आम्ही तर सगळी बिलं भरली." हिशेब लिहिणारी व्यक्ती म्हणते, "त्या बिलाची मुदत पुढच्या महिन्यात होती, म्हणून पुढच्या महिन्यात घेतलं." तिघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी तारीख असते.

एका विक्रीच्या व्यवहारात निदान चार तारखा असतात: माल गेटबाहेर गेला ती, बिल काढलं ती, पैसे आले ती आणि पैसे यायला हवेत ती. चौथीला आपण देय तारीख किंवा ड्यू डेट म्हणतो. बिलावर ती ठळक छापलेली असते, वसुलीसाठी रोज बघावी लागते, त्यामुळे तीच महत्त्वाची वाटते. पण मालाच्या साध्या उधारीच्या विक्रीत जीएसटीचा महिना ठरवताना ती तारीख कुठेच येत नाही. गिऱ्हाइकाला 45 दिवस उधारी दिली काय किंवा 90 दिवस दिली काय, कराचा महिना हलत नाही. हा मुद्दा नीट बसला नाही की पुढच्या चुका दर महिन्याला होत राहतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशीचा ट्रक

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण नेहमीचे जवळजवळ सगळे गोंधळ त्यात आहेत.

अंबडमधला एक कारखाना पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. पत्रा स्वतःचा, म्हणजे हे जॉबवर्क नाही, सरळ मालाची विक्री आहे. चाकणच्या गिऱ्हाइकाने मार्च संपायच्या आत माल मागितला होता. शनिवार 29 मार्च 2025 ला संध्याकाळी ट्रक भरला. हिशेब बघणारा मुलगा दुपारीच गावाला गेला होता, कारण रविवारी 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि सोमवारी ईदची सुट्टी. सुपरवायझरने डिलिव्हरी चलन फाडलं, त्यावरच ई-वे बिल काढलं आणि ट्रक रवाना केला. मुलगा मंगळवारी 1 एप्रिलला आला आणि त्याने नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या नंबरचं बिल काढलं. माल 4,00,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के कर, म्हणजे केंद्राचे 36,000 आणि राज्याचे 36,000. उधारी 45 दिवसांची, म्हणून देय तारीख 16 मे. बिल एप्रिलच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात गेलं, कर 20 मेला एप्रिलच्या 3बी, म्हणजे कर भरायच्या रिटर्नबरोबर भरला.

मालकांना यात काहीच खटकलं नाही. बिल एप्रिलचं, कर एप्रिलचा. मला ते कळलं वर्षअखेरीचा साठा जुळवताना. 31 मार्चच्या साठ्यात ते ब्रॅकेट नव्हते आणि मार्चच्या विक्रीतही नव्हते. माल गेला होता, पण त्या वर्षाच्या पुस्तकांत कुठेच पोचला नव्हता.

इथे कायदा असा चालतो. मालाच्या पुरवठ्याची वेळ ठरवण्याचा नियम सीजीएसटी कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. त्यात नुसती बिलाची तारीख नाही. बिल काढल्याची तारीख, किंवा कलम 31 प्रमाणे बिल काढायची शेवटची तारीख, यांतली जी आधी येईल ती धरायची. माल वाहनाने जाणार असेल तर कलम 31 म्हणतं, माल हलवण्याच्या आधी किंवा हलवताना बिल निघालं पाहिजे. म्हणजे बिल काढायची शेवटची तारीख हीच मालाची गेटबाहेर जाण्याची तारीख. आपल्या प्रकरणात ती 29 मार्च. बिल 1 एप्रिलला निघालं तरी दोन्हींतली आधीची 29 मार्चच राहते. कर मार्चचा, तो 20 एप्रिलपर्यंत भरायला हवा होता.

बरेच जण इथे विचारतात, मग पैसे आल्याची तारीख कुठे गेली? कलमात ती आहे. पण मालाच्या आगाऊ रकमेवर कर लावायचा नाही, अशी अधिसूचना 15 नोव्हेंबर 2017 ला निघाली आणि कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत नसलेल्यांना ती लागू आहे. त्यामुळे मालासाठी आज व्यवहारात दोनच तारखा बघायच्या: गेट आणि बिल. जी आधी, तिचा महिना.

बिल आधी काढलं आणि माल नंतर गेला तर? तेही चालतं. 28 मार्चला बिल आणि 2 एप्रिलला ट्रक असेल तर कर मार्चचा. बिल काढण्याची घाई करता येते, पण ट्रक गेल्यावर बिल लांबवून महिना पुढे ढकलता येत नाही. "एप्रिलमध्ये बिल टाका, आमचं बजेट संपलंय" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा हाच प्रश्न विचारायचा: माल कधी हवा आहे? माल मार्चमध्ये हवा असेल तर बिलही मार्चचंच. एक वेगळी स्थिती म्हणजे पसंतीवर पाठवलेला माल, ज्यात गिऱ्हाईक ठेवणार की परत करणार हेच ठरलेलं नसतं. तिथे कायदा गिऱ्हाइकाने पसंत करेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, मुभा देतो. चाकणच्या ऑर्डरीत तसं काही नव्हतं. भाव, नग, सगळं आधीच पक्कं होतं.

आता व्याज. 20 एप्रिल ते 20 मे असे 30 दिवस, कलम 50 प्रमाणे 18 टक्के दराने 72,000 वर साधारण 1,065 रुपये होतात. मालक म्हणाले, "आमच्या खात्यात 60,000 ची जमा होतीच, रोख फक्त 12,000 भरायचे होते. व्याज तेवढ्यावरच लागेल ना?" तसं असतं तर ते 178 रुपये आलं असतं. पण रोख भागावरच व्याजाची ही सवलत फक्त एका स्थितीत मिळते: ज्या महिन्याचा पुरवठा आहे त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये तो दाखवला, पण रिटर्न उशिरा भरलं. इथे रिटर्न वेळेवर भरलं होतं, पुरवठाच चुकीच्या महिन्यात गेला होता. म्हणून व्याज पूर्ण 72,000 वर. मला ही बाब सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते, कारण रिटर्न वेळेवर भरणारे कारखानेच इथे अडकतात. रक्कम या प्रकरणात लहान होती. दर मार्चला वीस-पंचवीस लाखांची बिलं अशी ढकलली गेली तर ती लहान राहत नाही.

दुरुस्ती कशी केली? मागच्या तारखेचं बिल काढायचं नाही, हे आधी ठरवून टाकलं. नंबरांची मालिका मोडते, ई-वे बिलावर चलनाचा नंबर आधीच नोंदलेला असतो, आणि खोटी तारीख ही व्याजापेक्षा कितीतरी मोठी अडचण आहे. 1 एप्रिलचं बिल मार्चच्या जीएसटीआर-1 मध्ये टाकायला गेलं तर पोर्टलही ते घेत नाही, कारण कागदाची तारीख त्या कालावधीच्या पुढची असते. मग जे झालं ते तसंच ठेवून व्याज 3बीच्या 5.1 तक्त्यात भरलं, ताळेबंदात विक्री 2024-25 ची धरली, आणि वार्षिक जीएसटीआर-9 मध्ये ती पुढच्या वर्षात जाहीर केलेल्या पुरवठ्याच्या तक्त्यात, म्हणजे तक्ता 10 मध्ये दाखवली. सोबत एक पानाची टिपण फाइलला लावली: गेटची तारीख, बिलाची तारीख, व्याजाचा हिशेब. उद्या कोणी ई-वे बिलाची तारीख आणि बिलाची तारीख समोरासमोर ठेवली तर उत्तर हाताशी असतं.

बिल दीड महिना पुढे गेलं आणि कोणी ढकललंच नव्हतं

दुसरं प्रकरण सातपूरचं आणि जास्त त्रासदायक, कारण इथे कोणी काही ठरवून केलं नव्हतं. 18 फेब्रुवारीचं बिल एप्रिलच्या रिटर्नमध्ये सापडलं. माल 18 फेब्रुवारीलाच गेला होता, बिलही त्याच दिवशीचं. मग एप्रिल कुठून आला? बिलात 45 दिवसांची उधारी मिळवून बघा: 4 एप्रिल.

नव्याने लागलेल्या मुलीने जीएसटीआर-1 ची यादी विक्री रजिस्टरमधून न काढता येणे बाकीच्या यादीतून काढली होती. त्या यादीत सॉफ्टवेअर मुदतीच्या तारखेप्रमाणे महिने पाडतं. एप्रिल निवडला की एप्रिलमध्ये ज्यांचे पैसे यायला हवेत ती बिलं येतात. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की यादी कुठली घ्यायची, म्हणून दोष तिला देत नाही. पण त्यामुळे फेब्रुवारीची सगळी उधारीची बिलं पुढे गेली आणि रोखीची जागेवर राहिली. लक्षण तेच: रोखीची गिऱ्हाइकं शांत आणि उधारीची सगळी टूबीवरून ओरडतात. हे दिसलं की बाकी काही शोधायच्या आधी यादी कुठून काढली ते विचारा.

याच्याजवळची आणखी एक चूक एक्सेलमध्ये होते. 03/04/2025 म्हणजे आपल्यासाठी 3 एप्रिल, पण संगणकाची तारखेची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर तो 4 मार्च वाचतो. ओळखायची खूण सोपी आहे. 12 पर्यंतच्या तारखा अदलाबदल होतात, 13 पासून पुढच्या तारखा नुसता मजकूर बनून कप्प्यात डावीकडे चिकटतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या तर थांबा. जीएसटीच्या ऑफलाइन टूलमध्ये तारीख 03-Apr-2025 अशी, महिना अक्षरांत घालतात. आपल्या रजिस्टरमध्येही तीच पद्धत ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

आधीच पकडायचं कसं

मी आता महिनाअखेरीला एक छोटी तपासणी करतो. गेटच्या जावक रजिस्टरमधून माल गेल्याची तारीख आणि विक्री रजिस्टरमधून बिलाची तारीख, दोन्ही एकाच पत्रकात बिल नंबरासमोर मांडतो. B रकान्यात गेटची तारीख, C मध्ये बिलाची. D मध्ये हे सूत्र:

```
=TEXT(MIN(B2,C2),"yyyy-mm")
```

D मध्ये येतो तो कराचा महिना. बिलाच्या तारखेचा महिना त्याहून वेगळा निघाला की ती ओळ लाल करायची आणि रिटर्न भरायच्या आधी तिचा निकाल लावायचा. देय तारखेचा रकाना या पत्रकात मुद्दाम ठेवत नाही. नजर तिकडे जाते.

हे सूत्र वाहनाने जाणाऱ्या मालासाठी आहे. सेवेला लावू नका.

दुसरी तपासणी बिलांच्या नंबरांची. जीएसटीआर-1 च्या तक्ता 13 मध्ये त्या महिन्यात काढलेली बिलं कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत, ते लिहायचं असतं. मालिका 211 ते 264 असेल, त्यातलं एकही रद्द नसेल, तर रिटर्नमध्ये 54 बिलं हवीत. 47 भरली तर सात कुठेतरी पुढे गेली आहेत. सातपूरची गडबड या एका मोजणीत पहिल्याच महिन्यात पकडता आली असती.

गिऱ्हाइकाकडून फोन आला तर त्याच्या टूबीत बिल कधी दिसतं हेही समजून सांगावं लागतं. टूबी 14 तारखेला तयार होते आणि आपण जीएसटीआर-1 कधी भरलं यावर चालते. मार्चचं बिल 11 एप्रिलपर्यंत भरलं तर मार्चच्या टूबीत येतं. तेच बिल राहून गेलं आणि एप्रिलच्या जीएसटीआर-1 मध्ये टाकलं, तर बिलावर तारीख मार्चची असली तरी ते एप्रिलच्या टूबीत येतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या जमेचा महिना आणि आपल्या कराचा महिना एकच असेल असं नाही. आपण मार्चचा कर उशिरा दाखवला तर आपल्याला व्याज, त्याला महिनाभर थांबणं. तो चिडतो ते बरोबरच आहे. आपण तिमाही रिटर्न भरणारे असू तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं पोर्टलवरच्या आयएफएफ या ऐच्छिक सोयीतून 13 तारखेपर्यंत टाकावीत, नाहीतर गिऱ्हाइकाला तिमाही संपेपर्यंत वाट बघावी लागते.

आणि गिऱ्हाईक "मुदतीपासून 180 दिवस" म्हणत असेल तर तिथेही दुरुस्त करा. बिलाचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत तर त्याला घेतलेली जमा व्याजासह परत करावी लागते. ते दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, देय तारखेपासून नाही. 90 दिवसांची उधारी असेल तर मुदत संपल्यावर त्याच्याकडे 90 च दिवस उरतात.

देय तारीख खरंच कामाची ठरते ती एक जागा

सेवेचा हिशेब वेगळा आहे. साध्या सेवेत बिल सेवा दिल्यापासून 30 दिवसांत काढायचं. समजा 20 जूनला कॉम्प्रेसर दुरुस्त केला आणि पैसे अजून आलेले नाहीत. 3 जुलैला बिल काढलं तर कर जुलैचा, कारण बिल मुदतीत आहे. बिल 25 जुलैला काढलं तर 30 दिवस उलटून गेले. मग कायदा बिलाकडे बघत नाही, सेवा दिल्याच्या तारखेकडे जातो आणि कर जूनचा होतो. पैसे आधी आले तर पैशांची तारीख आधी धरायची. मालासारखी आगाऊ रकमेची सूट सेवेला नाही. जूनमध्ये 10,000 आगाऊ घेतले तर त्यावरचा कर जूनमध्येच.

आता वार्षिक देखभालीचा करार घ्या. तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा, ठरलेल्या हप्त्यांनी पैसे घेण्याचा करार म्हणजे कायद्याच्या भाषेत अखंड सेवा. करारात हप्त्याची तारीख लिहिलेली असेल तर कलम 31 म्हणतं, बिल त्या देय तारखेला किंवा त्याआधी निघालं पाहिजे. देय तारीख कराच्या हिशेबात येते ती इथे, आणि तीही करारातली. बिलावर आपण आपल्या सोयीने छापतो ती नव्हे.

समजा दर महिन्याच्या देखभालीचे 30,000 रुपये पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला द्यायचे असं करारात आहे. जूनच्या सेवेचं बिल 30 जूनला काढलं तर कर जूनचा. 5 जुलैला काढलं, पैसे त्याआधी आले नाहीत, तर जुलैचा. आणि 12 जुलैला काढलं तर मुदत चुकली, सेवा 30 जूनला पूर्ण झाली होती, म्हणून कर परत जूनचा. सात दिवसांच्या उशिराने कर एक महिना मागे जातो हे ऐकून लोक थबकतात. म्हणून अशा करारांची देय तारीख मी सॉफ्टवेअरमध्ये बिल काढायची आठवण म्हणून घालून ठेवतो, वसुलीची आठवण म्हणून नाही. करारात तारीखच नसेल तर बिल पैसे येताना किंवा त्याआधी काढायचं.

पत्र्याच्या कारखान्यात मात्र उपाय याहून साधा निघाला. गेटवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं आहे की बिलाचा नंबर गेटपासवर लिहिलेला नसेल तर विक्रीचा ट्रक सोडायचा नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी सुपरवायझरला बिल काढता यावं म्हणून त्याला सॉफ्टवेअरचं वेगळं लॉगिन दिलं, दोन वेळा माझ्यासमोर बिल काढायला लावलं. यंदा मार्चअखेरच्या शेवटच्या ट्रकचं बिल त्यानेच काढलं, ट्रक सुटायच्या वीस मिनिटं आधी.